माझ्या हँडलवरचा मिक्सर

2024 सालचा ऑगस्ट. दुपारी तीनच्या सुमारास एक काकू दुकानात आल्या आणि पिशवीतून नवाकोरा मिक्सर काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. "दादा, तुम्ही सांगितलात तोच घेतला बघा. महिना नाही झाला, जळका वास मारायला लागलाय."

मिरजेत माझं मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. फावल्या वेळात दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतो. तेव्हा एक्केचाळीस हजार लोक फॉलो करत होते. काकूंनी आणलेलं मॉडेल मी लगेच ओळखलं, कारण फेब्रुवारीत त्याच मिक्सरची रील मी पैसे घेऊन केली होती. तिच्यात तो मिक्सर उलटा करून बुडाशी दोन बाजूंना असलेली दोन काळी झाकणं दाखवली होती. स्क्रू ड्रायव्हरनं झाकण फिरवलं की मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बन ब्रश बाहेर येतो. ब्रश झिजला की ठिणग्या पडतात, वास येतो, आणि तसाच चालवला की आर्मेचर, म्हणजे तो फिरता भागच, खराब होतो. बऱ्याच घरगुती मिक्सरमध्ये ब्रश बदलायला अख्खं बूड खोलावं लागतं, यात ते पाच मिनिटांचं काम होतं. मला तेवढं एकच आवडलं होतं आणि तेवढंच मी बोललो होतो.

काकूंचा मिक्सर उलटा केला तर झाकणं गायब. नाव तेच, रंग तोच, 750 वॅटचं लेबल तेच, पण कंपनीनं मधल्या काळात बूड बदललं होतं. ब्रश आत गेले होते.

"मी या मॉडेलचं नव्हतं सांगितलं," असं म्हणायला लागलो, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. वर माझं हँडल, शेजारी कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरात `Sponsored`, आणि पंधरा सेकंदांत मी सांगतोय, "मी रोज मिक्सर खोलतो, म्हणून सांगतो, हा घ्या." मूळ वाक्य असं होतं: "ब्रश बाहेरून बदलायचा असेल तर हा घ्या." मधला तुकडा कापलेला. हा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मी कधी टाकलाच नव्हता. माझं प्रोफाइल वरपासून खालपर्यंत चाळलं, तिथेही तो नव्हता.

मिक्सर दुरुस्त करून दिला, पैसे घेतले नाहीत. रात्री शटर ओढलं आणि फेब्रुवारीपासूनचे मेसेज काढून वाचत बसलो.

मधे एक जाहिरात एजन्सी होती. तिथल्या मॅडमनी रीलचे बारा हजार ठरवले होते. ईमेल चार ओळींचा. एक रील, एक स्टोरी, पैसे पंधरा दिवसांत, आणि शेवटी "ब्रँडला डिजिटल वापराचे हक्क राहतील". मी "ओके मॅडम" लिहून पाठवलं होतं. किती दिवस, कुठं कुठं, यातलं काही त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा विचित्र वाटली होती, तिचा अर्थ आत्ता लागला. मी रीलच्या मागं एक चालू गाणं लावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, गाणं काढा, फक्त तुमचा आवाज ठेवा." मला वाटलं, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून असेल. खरं कारण असं की हक्क राखीव असलेलं गाणं रीलमध्ये असेल तर ती रील जाहिरात म्हणून चालवता येत नाही. आपण आपल्या पानावर टाकली तर चालते, पैसे लावून पुढे ढकलायची म्हटलं की अडते. म्हणजे जाहिरात चालवायचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. हल्ली कोणी गाणं काढायला सांगितलं की मी आधी वापराची मुदत विचारतो.

तिसरा मेसेज सगळ्यात महत्त्वाचा. "सर, इन्स्टावर एक रिक्वेस्ट येईल, ती ॲप्रूव्ह करा." ती आली तेव्हा मी एका पंख्याचं बेअरिंग काढत होतो. ग्रीस लागलेल्या अंगठ्यानंच `Allow` दाबलं होतं.

त्या अंगठ्यानं नेमकं काय दिलं, ते कळायला मला आठवडा लागला. क्रिएटरच्या हँडलवरून ब्रँडनं चालवलेल्या जाहिरातीला पार्टनरशिप ॲड म्हणतात. पैसे ब्रँड भरतो, कोणाला दाखवायची ते ब्रँड ठरवतो, पण बघणाऱ्याला वर आपलं नाव दिसतं. परवानगी द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. एक फक्त त्या एका पोस्टपुरती असते. पोस्टच्या सेटिंगमध्ये ब्रँडला बूस्ट करायची मुभा द्यायची, नाहीतर तिथूनच एक कोड काढून त्यांना पाठवायचा. त्या कोडवर त्यांना तेवढीच पोस्ट चालवता येते. दुसरी परवानगी अख्ख्या खात्याची. ती दिली की प्रत्येक वेळी विचारावं लागत नाही आणि आपण कधीच न टाकलेला नवा व्हिडिओसुद्धा आपलं हँडल लावून जाहिरात म्हणून चालवता येतो. तो आपल्या प्रोफाइलवर दिसत नाही. कोणी काउंटरवर मोबाइल आणून दाखवला तरच कळतं. मी दुसरी देऊन बसलो होतो.

आता लाज वाटते, पण मधल्या सहा महिन्यांत मी खूश होतो. त्या रीलचे व्ह्यूज चढतच होते. "रील चालली," असं मी गल्लीभर सांगत होतो. आकडेवारी नीट उघडून पाहिली तर बहुतेक व्ह्यूज जाहिरातीतून आलेले. नवे फॉलोअर जेमतेम. कॉमेंट मात्र सगळ्या माझ्याच रीलखाली साठत होत्या, कारण टाकलेल्या पोस्टचीच जाहिरात केली की लाइक आणि कॉमेंट मूळ पोस्टवर जमा होतात. "पार्सल अजून आलं नाही." "जार फुटका आलाय, कुणाला फोन करू?" लोकांच्या दृष्टीनं दुकानदार मीच. मी त्यातल्या कितीतरी लोकांना कंपनीचा ग्राहक सेवा नंबर टाकत बसलो होतो, फुकट.

आधी मला वाटलं, कॅप्शन बदलू. "हे जुन्या बनावटीचं मॉडेल आहे, नव्यात ब्रश आत आहेत," असं लिहायला गेलो, तर इन्स्टाग्रामनं बदल घेतलाच नाही, कारण पोस्ट जाहिरातीत चालू होती. मग तीच ओळ कॉमेंटमध्ये लिहून ती वर पिन केली. पण जाहिरात बघणारा कॉमेंट उघडतोच असं थोडंच आहे? आणि ज्या पंधरा सेकंदांच्या तुकड्यानं घोटाळा केला, तो तर माझ्या हाताबाहेर होता.

मॅडमना फोन लावला. "सर, मी ती एजन्सी सोडली." एजन्सीच्या नंबरवर दुसराच मुलगा, त्याला मिक्सरही माहीत नव्हता आणि मीही. "सर, हे क्लायंटला विचारावं लागेल." चार दिवस विचारणं चालू होतं. पाचव्या दिवशी मी सेटिंगमध्ये जाऊन कंपनीची खात्याची परवानगी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी माझ्या हँडलची जाहिरात दिसायची थांबली. संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुतण्यानं स्क्रीनशॉट पाठवला. तोच पंधरा सेकंदांचा तुकडा, तोच माझा चेहरा, वर आता फक्त कंपनीचं नाव.

इथं मी एक तास नुसता बसून होतो. सेटिंगमधलं बटण हँडल बंद करतं, व्हिडिओ बंद करत नाही. हँडलची परवानगी इन्स्टाग्रामवर असते, ती कधीही काढता येते. व्हिडिओची फाइल मात्र मी फेब्रुवारीतच ड्राइव्हवर टाकून दिली होती, आणि ती किती दिवस वापरायची हे इन्स्टाग्रामला माहीत असायचं काही कारण नाही. ते आमच्या चार ओळींच्या ईमेलवर होतं. म्हणजे कशावरच नव्हतं.

माझी भाची सांगलीत वकिली करते. तिला जेवायला बोलावलं आणि ईमेल दाखवला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "मामा, मुदत कुठाय?"

"लिहिलीच नाही."

"मग पाच वर्षं."

घास हातातच राहिला. तिनं मोबाइलवर कायदा काढून दाखवला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची, आणि हद्द लिहिली नसेल तर अख्खा भारत. हे कलम मुळात हक्क दुसऱ्याच्या नावावर सोपवण्याबद्दल आहे, पण कलम 30अ नुसार परवान्यालाही ते लागू पडतं. नुसतं वापरायला देणं म्हणजे परवाना, माझ्यासारखं.

"म्हणजे त्यांनी काही लिहिलं नाही ते त्यांच्याच फायद्याचं?"

"तुझ्याही फायद्याचं आहे थोडं. कायमचं नाही झालं. त्यांनी 'कायमस्वरूपी' असं लिहून घेतलं असतं आणि तू ओके केलं असतंस, तर ही पाच वर्षांची ओळ तुझ्या कामाला आली नसती. शिवाय परवाना लेखी लागतो. तुझं 'ओके मॅडम' म्हणजे लेखी परवाना का, यावर मी कोर्टात भांडू शकते. पण बारा हजारांसाठी किती वर्षं भांडायचं ते तू ठरव."

मी भांडणार नव्हतोच. पण निघता निघता ती आणखी एक गोष्ट बोलली आणि काम त्यानंच झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. जाहिरातीत जो माणूस वस्तूची शिफारस करतो, त्याचं मत खरं असलं पाहिजे, बऱ्यापैकी ताजं असलं पाहिजे, आणि त्या वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. शिफारस दिशाभूल करणारी निघाली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "मामा, तू नवा मिक्सर वापरलेला नाहीस. तुझं मत जुन्या मिक्सरचं आहे. ते शिळं झालंय. आणि हे आता तुला कळलंय, म्हणजे गप्प बसणं तुझ्याच अंगावर येईल."

"मला पैसे कमी पडले" असं मी कंपनीला लिहिलं असतं तर कोणी उत्तर दिलं नसतं. मी असं लिहिलं: माझी शिफारस बाहेरून ब्रश बदलता येणाऱ्या बनावटीबद्दल होती. सध्या त्याच नावानं विकल्या जाणाऱ्या मिक्सरमध्ये ती सोय नाही. दोन्हींच्या बुडाचे फोटो जोडले आहेत. जाहिरातीत माझं वाक्य मधून कापलेलं आहे. त्यामुळे ती आता माझं मत सांगत नाही. सोबत चालू जाहिरातींचे स्क्रीनशॉट.

ते स्क्रीनशॉट मेटाच्या ॲड लायब्ररीतून काढले. `facebook.com/ads/library` उघडायचं, देश भारत निवडायचा, सगळ्या जाहिराती निवडायच्या आणि कंपनीचं नाव टाकायचं. आत्ता चालू असलेल्या सगळ्या जाहिराती समोर येतात. प्रत्येकीवर ती कधी सुरू झाली ती तारीख आणि तिचा क्रमांक असतो. मला माझे चार वेगवेगळे तुकडे सापडले, त्यातल्या दोघांचा मला पत्ताच नव्हता. एक सांगतो, साधी जाहिरात बंद झाली की आपल्याकडे ती तिथून नाहीशी होते. म्हणून दिसली की लगेच तारखेसकट चित्र काढून ठेवायचं. उद्या बघू म्हणालात तर उद्या पुरावा नसतो.

हा ईमेल एजन्सीला न पाठवता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवला. त्यांच्या वेबसाइटच्या तळाशी तो होता. आठ दिवसांत चारही तुकडे बंद. उत्तर एका ओळीचं: "संबंधित जाहिराती थांबवण्यात आल्या आहेत." त्यांना दोष तरी कुठं द्यायचा? सही न करता किल्ली मीच दिली होती.

नुकसान झालं ते वेगळंच. मधल्या काळात दुसऱ्या एका मिक्सर कंपनीनं विचारणा केली होती, आणि "तुम्ही अजून त्यांच्या जाहिरातीत दिसता" म्हणून मागं फिरली होती. त्यांच्याशी ठरत होते पंचवीस हजार. सहा महिने माझा चेहरा वापरला गेला याची किंमत मला मोजता येत नव्हती, ती या नकारानं मोजून दिली. तेव्हापासून रील करण्याचे पैसे आणि रील वापरण्याचे पैसे या दोन ओळी मी बिलात वेगळ्या लिहितो.

पहिली खरी परीक्षा झाली 2025 च्या ऑगस्टमध्ये. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरची कंपनी, मधे दुसरीच एजन्सी. या वेळी नीट करार आला, सहा पानी. चौथ्या पानावर ते वाक्य होतं: व्हिडिओ कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत वापरता येईल. एकूण वीस हजार.

मी फोन केला. एजन्सीचा मुलगा नम्र होता. "सर, हे सगळ्यांना असंच जातं. कोणी काही म्हणत नाही."

"मी म्हणतोय ना आता," मी म्हणालो. "तुम्हाला ही जाहिरात खरंच किती दिवस चालवायची आहे?"

तो जरा थांबला. "दिवाळीपर्यंत, सर."

दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. दोन महिन्यांच्या गरजेसाठी जन्मभराचा हक्क मागत होते, आणि तेही मुद्दाम नाही, साचा तसा होता म्हणून. माझ्या अनुभवात हा एकच प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो. हक्क, कायदा, अन्याय यांतलं काही बोलावं लागत नाही. गरज किती दिवसांची ते त्यांच्याच तोंडून आलं की पुढचं बोलणं आकड्यांवर येतं.

मी असे आकडे दिले. रील वीस हजार. माझ्या हँडलवरून जाहिरात महिन्याला चार हजार, म्हणजे रीलच्या वीस टक्के. दोन महिन्यांचे आठ. त्याच व्हिडिओचे छोटे तुकडे कंपनीच्या स्वतःच्या पानावरून चालवायचे असतील तर महिन्याला दोन हजार, दोन महिन्यांचे चार. एकूण बत्तीस. वीस टक्के का? खरं सांगायचं तर आधी मी पंधरा म्हणणार होतो. मग तो मिक्सरवाला नकार आठवला.

पैशांवर फार ताणलं नाही. ताणलं ते दोन गोष्टींवर. पहिली, साठ दिवस मोजायचे कधीपासून? त्यांचं म्हणणं, जाहिरात पहिल्यांदा सुरू होईल तेव्हापासून. बरोबर वाटतं ऐकायला. पण त्यांनी जाहिरात जानेवारीत सुरू केली तर मी मार्चपर्यंत अडकलो, आणि तोवर दुसऱ्या कुठल्या अवजारवाल्याला हो म्हणता येणार नाही. शेवटी असं ठरलं की जाहिरात सुरू झाल्याचा दिवस किंवा रील टाकल्यापासून पंधरावा दिवस, यांतला जो आधी येईल तिथून साठ दिवस. मुलाला हे समजावायला वीस मिनिटं लागली, त्याच्या साहेबांना दोन.

दुसरी गोष्ट मॉडेलची. मी लिहून मागितलं की व्हिडिओत दाखवलेल्या वस्तूच्या बनावटीत बदल झाला तर सात दिवसांत जाहिरात थांबवायची. इथं कंपनी अडली. "बदल तर सारखे होतात, खोक्याचा रंग बदलला तरी तुम्ही थांबवणार का?" त्यांचंही खरं होतं. मग व्हिडिओत मी ज्या तीन गोष्टी बोलणार होतो, त्या नावानिशी लिहिल्या. बॅटरी बाहेर काढून बदलता येते, टोकाला नेहमीचे षटकोनी बिट बसतात, आणि उलट-सुलट फिरवायचं बटण अंगठ्याखाली आहे. यातली एक जरी बदलली तर जाहिरात बंद. त्यावर ते तयार झाले. मिक्सरच्या त्या दोन काळ्या झाकणांनी मला हे शिकवलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

बाकीचं पटापट झालं. तुकडे करायला हरकत नाही, पण वाक्य मधून कापायचं नाही, आणि प्रत्येक तुकडा आधी मला दाखवायचा. मुदत संपल्यावर कंपनीनं त्यांच्या पानावर जी साधी पोस्ट टाकली असेल ती राहू दे, खाली जुन्या पोस्टमध्ये ती कोण बघतंय, पण तिला पैसे लावायचे नाहीत. ऑनलाइन दुकानातल्या वस्तूच्या पानावर लावलेला व्हिडिओ मात्र काढायचा. तो जाहिरात वाटत नाही, पण सगळ्यात जास्त दिवस तोच राहतो. उशिरासाठी मी दंड मागितला, तो त्यांच्या कायदा विभागानं साफ नाकारला. मग "जादा दिवसांचा वापर" असं गोंडस नाव दिलं. वापराचे बारा हजार भागिले साठ म्हणजे दिवसाला दोनशे, आणि मुदतीनंतर प्रत्येक दिवसाला दुप्पट, चारशे. दंड नको म्हणणाऱ्यांनी यावर सही केली. सही एजन्सीची नको, कंपनीची हवी, एवढं भाचीनं बजावलं होतं. एजन्सीतला मुलगा उद्या दुसरीकडे जाईल, हे मला सांगायची गरजच नव्हती.

रील 10 सप्टेंबरला टाकली. या वेळी खात्याची परवानगी दिली नाही. फक्त त्या रीलचा कोड काढून पाठवला. एजन्सीकडून दोनदा मेसेज आला, "सर, अकाउंटची दिली तर आमचं सोपं होईल." दोन्ही वेळा एवढंच लिहिलं की करारात एकच रील आहे. 15 सप्टेंबरला जाहिरात सुरू झाली. ती तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिली आणि 13 नोव्हेंबरभोवती लाल गोल केला.

या वेळी कॉमेंटनी मला खाल्लं नाही, कारण उत्तरं कंपनीनं द्यायची असं लिहिलं होतं. दिली का? अर्धी दिली. अर्धी मीच दिली, सवय जात नाही.

14 नोव्हेंबरला सकाळी दुकान उघडायच्या आधी चहा पीत रीलच्या सेटिंगमध्ये गेलो आणि जाहिरातीची परवानगी काढली. माझ्या हँडलवरची जाहिरात थांबली. मग ॲड लायब्ररी उघडली. कंपनीच्या पानावरून एक वीस सेकंदांचा तुकडा अजून चालूच होता. चित्र काढलं. पंधराला पुन्हा काढलं, सोळाला पुन्हा. सतराला रात्रीपर्यंत चालू, अठराला सकाळी नाही.

सोळाशे रुपयांचं बिल पाठवलं, चार स्क्रीनशॉट जोडून. एजन्सीच्या मुलाचा लगेच फोन आला. "सर, सोळाशेसाठी काय एवढं? चुकून राहिली हो."

"चुकूनच राहते ती," मी म्हणालो. "बिल कुणाच्या नावानं टाकू तेवढं सांगा."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे जमा झाले. त्याच आठवड्यात त्या मिक्सरवाल्या काकू पुन्हा आल्या, या वेळी इस्त्री घेऊन. थर्मोस्टॅट गेला होता. ती दुरुस्त करेपर्यंत त्यांनी विचारलं, "दादा, हल्ली स्क्रू ड्रायव्हर विकता का तुम्ही? माझ्या मुलाला फोनवर दिसत होता तुम्ही दाखवलेला."

"दिसत होता," मी म्हणालो, "आता नाही दिसणार."